चुकलेल्या किमतीची दुरुस्ती : बेकरीच्या एका पोस्टचा आढावा

बेकरीच्या पानावर चुकीची किंमत गेली, की दुरुस्तीला एक ओळ पुरते असं बहुतेक मालकांना वाटतं. ‘प्लम केकची किंमत ३८० नसून ४८० रुपये आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ एवढं लिहून ते पुन्हा भट्टीकडे वळतात आणि संध्याकाळपर्यंत काउंटरवर वाद चालूच राहतात. या ओळीत नवी किंमत आहे, पण सकाळी जुनी किंमत पाहून ज्यांनी पैसे पाठवले त्यांचं काय होणार, हे तिच्यात कुठेच नाही. दुरुस्ती वाचणाऱ्याला सगळ्यात आधी तेच जाणून घ्यायचं असतं. म्हणून दुरुस्तीचा मजकूर लिहिण्याआधी मालकाला एक निर्णय घ्यावा लागतो आणि मजकुराची सगळी बांधणी त्या निर्णयावर उभी राहते.

हा आढावा एकाच प्रकारच्या चुकीपुरता आहे. पोस्ट आधी तयार करून ठराविक वेळेला आपोआप जाईल अशी लावली होती आणि ती गेली तेव्हा तिच्यातली किंमत चुकीची होती.

चूक होते कुठे?

हाताने, त्याच क्षणी टाकलेल्या पोस्टमध्ये चूक झाली तर ती बहुधा टंकण्यातली असते. एखादा आकडा राहतो, नाहीतर अर्ध्या किलोच्या जागी एक किलोचा भाव पडतो. आधी लावून ठेवलेल्या पोस्टची गोष्ट वेगळी आहे. ती लिहिली त्या दिवशी पुष्कळदा बरोबरच असते. इन्स्टाग्रामवर पोस्ट ७५ दिवस आधीपर्यंत लावून ठेवता येते. म्हणजे २० डिसेंबरची पोस्ट ६ ऑक्टोबरलाही लावलेली असू शकते. मधल्या काळात लोणी महागतं, काजूचा भाव चढतो, मालक दिवाळीनंतर दर वाढवतो. नवा दर बिलिंगच्या मशीनमध्ये जातो, काउंटरमागच्या फळ्यावर जातो, व्हॉट्सअ‍ॅपच्या कॅटलॉगमध्येही जातो. रांगेत उभ्या असलेल्या पोस्टपर्यंत मात्र तो पोचत नाही, कारण ती रोज कुणाच्या डोळ्यांसमोर नसते. पुढच्या तारखेचा चेक लिहून विसरून जावं, तसं हे होतं.

दुसरं नेहमीचं कारण म्हणजे मागच्या वर्षीचं डिझाइन. गेल्या नाताळची फाइल उघडायची, वर्ष बदलायचं, फोटो बदलायचा आणि कोपऱ्यातल्या गोल चकतीतली किंमत तशीच राहायची. बऱ्याचदा खालच्या मजकुरात नवी किंमत असते आणि चित्रात जुनी. लोक चित्र वाचतात आणि तेच पुढे पाठवतात.

पहिला अर्धा तास

एक उदाहरण धरून पुढे जाऊ. समजा, ठाण्यातली एक बेकरी आहे. १२ डिसेंबरला सकाळी ७ वाजता तिची पोस्ट आपोआप गेली. चित्रात अर्धा किलो प्लम केक ३८० रुपये, म्हणजे गेल्या वर्षीचा दर. यंदाचा दर ४८०. सकाळची वेळ पाव आणि खारीच्या गर्दीची, फोन बघायला कुणी मोकळं नाही. सव्वादहाला एक बाई काउंटरवर फोन पुढे करतात : “दादा, इथे तर तीनशे ऐंशी लिहिलंय. तुम्ही चारशे ऐंशी कसे सांगता?” तेव्हा चूक कळते.

अशा वेळी हात आपोआप पोस्ट काढून टाकायला जातो. त्याआधी तीन कामं करायची असतात. पहिलं, रांग थांबवणं. तेच चित्र दुपारच्या स्टोरीला, फेसबुकला किंवा परवाच्या आठवणीच्या पोस्टला लावलेलं असण्याची शक्यता मोठी असते. दुरुस्ती गेल्यावर दोन तासांनी तीच जुनी किंमत पुन्हा झळकली, तर पुढच्या दुरुस्तीवर कुणाचा विश्वास राहत नाही. पोस्टला पैसे भरून जाहिरात केली असेल, तर ती जाहिरात सगळ्यात आधी बंद करायची, नाहीतर चुकीचा दर आपल्याच खर्चाने नव्या लोकांपर्यंत जात राहतो.

दुसरं, नोंद घेणं. पोस्टचा, तिच्याखालच्या प्रतिक्रियांचा आणि तोवर आलेल्या संदेशांचा वेळेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवायचा. पोस्ट काढली की तिच्याखाली लिहिलेल्या ऑर्डरीही जातात आणि मग कुणी कधी काय मागितलं याचा पुरावा फक्त गिऱ्हाइकाकडे उरतो.

तिसरं, काउंटरवरच्या आणि फोन घेणाऱ्या माणसांना एक वाक्य सांगणं. प्रत्यक्षात हेच सगळ्यात शेवटी होतं. मालक पानावर दुरुस्ती टाकतो आणि काउंटरवरच्या मुलाला ती गिऱ्हाइकाकडून कळते.

यानंतर प्रश्न येतो, पोस्ट ठेवायची की काढायची. इन्स्टाग्रामवर मजकूर नंतर बदलता येतो, पण गेलेल्या पोस्टमधलं चित्र बदलून दुसरं लावता येत नाही. म्हणून चूक फक्त मजकुरात असेल तर तो दुरुस्त करायचा आणि ‘किंमत सकाळी १०.४५ वाजता दुरुस्त केली’ अशी ओळ वर ठेवायची. गुपचूप बदल केला तर आधी पाहिलेल्या माणसाला आपलीच नजर चुकली असं वाटतं किंवा आपल्याला फसवलं असं वाटतं. चूक चित्रात असेल तर पोस्ट काढणंच बरं, कारण चित्र वेगळं काढून पुढे जातं आणि खालची दुरुस्ती मागेच राहते. काढल्याचा एक फायदाही आहे. ज्यांनी ती पोस्ट आपल्या स्टोरीत पुढे दिली होती, तिथूनही ती दिसेनाशी होते. मात्र पोस्ट काढली तर दुरुस्तीत तसं लिहावं लागतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला संदेश १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो आणि सुमारे अडीच दिवसांपर्यंत सर्वांसाठी काढता येतो. पण सोसायटीच्या ग्रुपवर पुढे गेलेल्या प्रतीवर आपला काही अधिकार चालत नाही. त्या प्रतीसाठी दुरुस्ती लिहावीच लागते.

कायद्याने कुणाचं काय?

‘जाहिरात केली त्या दराने द्यावंच लागेल’ असं गिऱ्हाईक म्हणतं आणि ‘चूक ती चूक, आम्ही बांधील नाही’ असं दुकानदार म्हणतो. दोघांचंही म्हणणं अर्धंच खरं आहे.

करारकायद्याची सर्वसाधारण समजूत अशी, की किंमत लिहिलेली जाहिरात म्हणजे विक्रेत्याचा प्रस्ताव नव्हे, ते गिऱ्हाइकाला प्रस्ताव मांडण्याचं आमंत्रण असतं. इंग्लंडमधल्या १९६८च्या पार्ट्रिज विरुद्ध क्रिटेंडन या खटल्यात मासिकातली पक्ष्यांची जाहिरात, नगाला २५ शिलिंग असा दर लिहिलेला असूनही, प्रस्ताव मानली गेली नाही. आपल्या बेकरीला हे लावलं तर पोस्ट म्हणजे आमंत्रण, ‘दोन केक ठेवा’ हा गिऱ्हाइकाचा संदेश म्हणजे प्रस्ताव आणि ‘ओके, नोंदवलं’ हे बेकरीचं उत्तर म्हणजे स्वीकार. उत्तर गेलं नसेल तोवर दर दुरुस्त करायला बेकरी मोकळी असते. उत्तर गेलं की मात्र मामला बदलतो. भारतीय करार कायदा, १८७२ याचं कलम २२ सांगतं, की वस्तुस्थितीबद्दल एकाच पक्षाची चूक झाली एवढ्याच कारणाने करार मोडता येत नाही.

इथे दोन खाचखळगे आहेत. पहिला, आपोआप जाणारं उत्तर. व्यवसायाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर ‘धन्यवाद, तुमची ऑर्डर मिळाली’ असा संदेश लावून ठेवलेला असेल, तर माणसाने काही न करताही ‘स्वीकार केला’ असा दावा होऊ शकतो. दुसरा, ‘पहिल्या २० जणांना’ अशी भाषा. अमेरिकेतल्या मिनेसोटात १९५७ साली लेफकोविट्झ खटल्यात ‘प्रथम येणाऱ्यास एक डॉलरला’ अशी ठरावीक नगांची जाहिरात होती. न्यायालयाने ती प्रस्तावच मानली, कारण वस्तू, संख्या, दर आणि वेळ यांत संदिग्ध काहीच उरलं नव्हतं. परदेशातले निकाल आपल्याकडे बंधनकारक नसतात, पण युक्तिवादाची दिशा त्यावरून कळते. पोस्ट जितकी नेमकी, तितकी मागे फिरायची वाट अरुंद.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वेगळ्या बाजूने येतो. ज्या स्वस्त दराने वस्तू विकायचा इरादाच नाही, त्या दराची जाहिरात होऊ देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. प्रामाणिक चूक आणि इरादा यांत फरक आहे. पण सव्वादहाला चूक कळूनही पोस्ट रात्रीपर्यंत तशीच ठेवली आणि आलेल्या प्रत्येकाला काउंटरवर वेगळा दर सांगितला, तर प्रामाणिकपणा सिद्ध करणं अवघड जातं. म्हणून चूक कळल्याची वेळ आणि दुरुस्तीची वेळ यांत जितकं कमी अंतर, तितकं चांगलं.

चूक इतकी उघड असेल की कुणालाही ती चूकच वाटावी, तर गोष्ट पुन्हा पालटते. सिंगापूरमध्ये एका ऑनलाइन दुकानात ३,८५४ डॉलरचा प्रिंटर ६६ डॉलरला दिसला आणि काही जणांनी शेकड्यांनी मागवला. तिथल्या अपील न्यायालयाने २००५ साली खरेदीदारांचा दावा फेटाळला, कारण ही चूक आहे हे त्यांना माहीत होतं. आपल्या बेकरीत ४८०च्या जागी ४८ पडले असते, तर त्या दराने केक न देता पैसे परत करणं रास्त ठरलं असतं. ३८० मात्र कुणालाही खरे वाटतील असेच आहेत. गेल्या वर्षी तोच दर होता.

निर्णय : किती आणि कुठपर्यंत

आता आपल्या बेकरीचा हिशेब करू. पावणेअकरापर्यंत २३ जणांनी मिळून ३१ केक मागितले आहेत. त्यांतल्या १४ जणांनी यूपीआयने पैसे भरले, ६ जणांना मुलाने ‘नोंदवलं’ असं उत्तर दिलं आणि ३ जणांनी संदेश पाठवला, पण उत्तर गेलेलं नाही. शिवाय एका कार्यालयाने ‘१२० नग लागतील, कळवा’ असं विचारलं आहे.

सुकामेवा, लोणी, मैदा, खोका, गॅस आणि मजुरी धरून एका केकचा खर्च ३१० रुपये आहे असं समजू. ३८०ला विकला तरी नगामागे ७० रुपये सुटतात. म्हणजे ३१ केकवर तोटा होत नाही, ३,१०० रुपये कमी मिळतात. ही रक्कम एका दिवसाच्या वादापेक्षा स्वस्त आहे. उत्तर न गेलेल्या तिघांना कायद्याने नकार देता येतो, पण त्यांनी त्याच वेळी, तोच दर वाचून संदेश पाठवला होता. उत्तर देणं राहिलं ते बेकरीकडून. त्यांना वेगळं काढलं तर वाचणार ते तीन-चारशे रुपये. म्हणून सगळ्या २३ जणांना जुना दर.

कार्यालयाचं तसं नाही. तिथे फरक १२,००० रुपयांचा आहे. शिवाय प्लम केकचा मेवा काही आठवडे आधी रममध्ये किंवा संत्र्याच्या रसात भिजत घातलेला असतो. जेवढा मेवा भिजवला तेवढेच केक होतात, मागणी वाढली म्हणून आज नवा घालून चालत नाही. १२० केक स्वस्तात गेले तर नाताळच्या आदल्या दिवशी नेहमीच्या गिऱ्हाइकाला केक उरणार नाही. कार्यालयाने फक्त विचारणा केली आहे, उत्तर गेलेलं नाही. त्यांना जाहीर दुरुस्तीची वाट बघायला न लावता फोन करायचा, चूक सांगायची आणि घाऊक मागणीचा जो नेहमीचा दर असेल तो द्यायचा.

राहिली सीमारेषा. ‘आज रात्रीपर्यंत जुनाच दर’ असं उदार मनाने जाहीर करणारे मालक असतात. मग ती दुरुस्तीच सवलतीची जाहिरात होते. ‘रात्रीपर्यंतच आहे, लवकर सांगा’ असा संदेश ग्रुपांवर फिरतो आणि ३१चे १५० केक होतात. सीमारेषा दुरुस्ती प्रसिद्ध होण्याच्या क्षणाशी जुळवलेली असली, की हा प्रश्न उरत नाही. तिच्याआधीची वेळ धरणंही बरोबर नाही. चूक सव्वादहाला कळली, पण लोकांना ती पावणेअकराला सांगितली. मधल्या अर्ध्या तासात ऑर्डर देणाऱ्याला ती कळायचा मार्ग नव्हता.

पोस्ट पाहून संध्याकाळी थेट दुकानात येणाऱ्यांबद्दल दोन मतं आहेत. काहींच्या मते लेखी नोंद नाही तर सवलत नाही. काहींच्या मते त्या दिवसापुरता माणशी एक केक जुन्या दराने द्यावा. दुसरा मार्ग लहान बेकरीला परवडतो, पण तो निवडला तर प्रत्येकाला सारखाच लावला पाहिजे. वाद घालणाऱ्याला सवलत आणि मुकाट्याने ४८० देणाऱ्याला काही नाही, हा सगळ्यात वाईट पर्याय.

मजकूर

एवढं ठरलं की लिहायला दहा मिनिटं लागतात :

> दुरुस्ती : प्लम केकची किंमत
> आज, १२ डिसेंबरला सकाळी ७ वाजता आम्ही टाकलेल्या पोस्टमध्ये अर्धा किलो प्लम केकची किंमत ३८० रुपये अशी होती. ती चुकीची आहे. योग्य किंमत ४८० रुपये, सर्व करांसह.
> ज्यांनी आज सकाळी १०.४५ पर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर, फोनवर किंवा दुकानात केक नोंदवला आहे, त्यांना तो ३८० रुपयांनाच मिळेल. त्यासाठी पुन्हा कळवायची गरज नाही. त्यानंतरच्या ऑर्डर ४८० रुपये दराने घेतल्या जातील.
> ३८० हा गेल्या वर्षीचा दर होता. पोस्ट आधी तयार करताना तो बदलायचा आमच्याकडून राहिला. चुकीची पोस्ट काढून टाकली आहे. क्षमस्व.

यात शीर्षकातच वस्तूचं नाव आहे. नुसतं ‘महत्त्वाची सूचना’ लिहिलं तर दुकान बंद आहे की पत्ता बदललाय, हे कळायला आत जावं लागतं. चुकीची किंमत मजकुरात सांगितली आहे, कारण ती सांगितल्याशिवाय वाचणाऱ्याला आपण पाहिलेली पोस्ट हीच का, हे ओळखता येत नाही. पण सोबतच्या चित्रात ती नको. जुनं चित्र लाल फुली मारून पुन्हा टाकायची पद्धत दिसते. कापलेल्या, पुसट झालेल्या प्रतीत फुली जाते आणि दर राहतो. चित्रात फक्त केक आणि योग्य किंमत असावी आणि तोच मजकूर चित्राखालीही लिहावा.

‘सर्व करांसह’ हे शब्द दुसरा वाद टाळतात, नाहीतर ४८०वर कर वेगळा का, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी येतो. कारण एका वाक्यात आहे आणि ते खरं आहे. ‘तांत्रिक अडचणीमुळे’ असं लिहिलं तर कुणालाच काही कळत नाही आणि चूक माणसाची होती हे सगळ्यांना ठाऊक असतं. ज्या कर्मचाऱ्याच्या हातून झाली त्याचा उल्लेख नाही, कारण पोस्ट बेकरीच्या नावाने गेली होती. लोणी किती महागलं याचं स्पष्टीकरण आणि ‘तरीही आमचा केक शहरात सर्वोत्तम’ हा प्रचारही नाही. दुरुस्तीत विक्री घुसली की चूक मुद्दाम केली होती, असा संशय येतो.

मजकूर ज्या वाटांनी चूक गेली त्या सगळ्या वाटांनी गेला पाहिजे. पानावर स्वतंत्र पोस्ट आणि ती वर अडकवून ठेवलेली. स्टोरीही, पण फक्त स्टोरी नव्हे, कारण ती २४ तासांत जाते आणि चुकीचा स्क्रीनशॉट आठवडाभर टिकतो. व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी वापरली तर ज्यांनी बेकरीचा नंबर जतन केला आहे त्यांनाच ती पोचते, म्हणून ऑर्डर दिलेल्या २३ जणांना वेगळा संदेश जायला हवा. आणि काउंटरवर छापलेला एक कागद.

किंमत जास्त छापली गेली तर

उलट्या चुकीकडे कुणी लक्ष देत नाही, कारण तिच्यावर भांडण होत नाही. केक आणि पेस्ट्रीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ज्या बेकऱ्यांनी त्यानुसार दर उतरवले, पण त्याआधी लावून ठेवलेल्या पोस्टमध्ये जुनाच दर राहिला असेल, त्यांच्याकडे हीच परिस्थिती होती. इथे सीमारेषेचा प्रश्नच नाही. ज्याने जास्त भरले त्याला फरक परत, तोही न मागता, आणि दुरुस्तीत परतीची तारीख आणि मार्ग लिहायचा. ‘पुढच्या खरेदीत वळते करू’ हा पर्याय गिऱ्हाइकाने निवडायचा असतो, तो त्याच्यावर लादायचा नसतो.

बंद पाकिटातल्या मालाला आणखी एक तपासणी लागते. नानखटाई, टोस्ट किंवा खारीच्या पाकिटावर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. दुरुस्तीतली ‘योग्य’ किंमत लेबलपेक्षा जास्त निघाली, तर दुरुस्तीच चुकीची. म्हणून लिहिण्याआधी फळ्याकडे न बघता पाकीट हातात घ्यायचं.

दुरुस्ती किती पुरते?

चांगली दुरुस्तीही सगळ्यांपर्यंत जात नाही. सोसायटीच्या ग्रुपवर फिरणारं ३८०चं चित्र २४ डिसेंबरलाही कुणीतरी काउंटरवर दाखवेल. त्याला कागद दाखवायचा, सीमारेषा सांगायची आणि दर ४८०च घ्यायचा, कारण त्याआधी आलेल्या कित्येकांनी तोच दिला आहे. दुरुस्तीची पोस्टही तोवर वरच अडकवलेली हवी आणि माल संपेपर्यंत काढायची नाही.

पुढची चूक टाळायचे उपाय दोनच आहेत आणि दोन्ही फुकट आहेत. आधी लावून ठेवायच्या पोस्टच्या चित्रात किंमत घालायची नाही. ती खालच्या मजकुरात लिहायची, कारण मजकूर बदलता येतो. आणि ज्या दिवशी बिलिंगच्या मशीनमध्ये दर बदलतो, त्याच दिवशी, त्याच माणसाने रांगेतल्या पोस्ट उघडून बघायच्या. हे काम ‘सोशल मीडिया बघणाऱ्या’ मुलीकडे सोपवून चालत नाही. दर वाढल्याचं तिला बहुधा चार दिवसांनी कळतं, मशीनवर बसणाऱ्याला ते त्याच मिनिटाला माहीत असतं.